रात्री पावणेदोनला फोन खाली ठेवणाऱ्यांसाठी

मागच्या सत्रात दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, साडेअकराला अंथरुणावर पडतो, पण पावणेदोनपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही." सकाळी सातचा गजर, आठचं लेक्चर आणि लेक्चरभर पेंग. आपल्याला निद्रानाश झालाय, गोळी वगैरे घ्यावी लागेल, अशी त्याची समजूत झाली होती. मी त्याला फोन उघडायला सांगितलं. मला त्याचे मेसेज बघायचे नव्हते, फक्त आकडे बघायचे होते. त्या दिवशी आम्ही दोघांनी जे पाहिलं, तेच आज तुमच्यासमोर मांडतो. त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही.

हे आकडे तुमच्याही फोनमध्ये आहेत. अँड्रॉइडवर Settings मध्ये Digital Wellbeing आणि आयफोनवर Settings मध्ये Screen Time. उघडल्या उघडल्या दिवसाचे एकूण तास दिसतात आणि बहुतेक मुलं तिथेच ओशाळून परत फिरतात. खरं तर तासांचा तो आकडा फारसा कामाचा नाही. नोट्सची पीडीएफ वाचलेला तास त्यात आहे, आईशी व्हिडिओवर बोललेला अर्धा तास आहे आणि नुसता अंगठा सरकवत घालवलेला वेळही आहे. सगळं एकाच पोत्यात. त्यापेक्षा तीन गोष्टी बघा: दिवसात किती नोटिफिकेशन आली, फोन किती वेळा उघडला, आणि रात्री कुठल्या तासात किती मिनिटं स्क्रीन चालू होती.

त्याच्या एका मंगळवारचे आकडे असे होते. एकूण नोटिफिकेशन १८२. त्यात वर्गाच्या, प्रॅक्टिकलच्या बॅचच्या आणि हॉस्टेलच्या अशा तीन ग्रुपची मिळून ८४, छोट्या व्हिडिओंच्या ॲपची ३१, खरेदीच्या ॲपची २२, गेमची १२, बातम्यांची ११, ईमेलची ९, बँकेची ३, आणि घरच्यांनी नि मित्रांनी थेट त्याला पाठवलेले मेसेज १०. जागेपणीच्या जवळजवळ एकोणीस तासांवर हे वाटलं तर साधारण दर सहा मिनिटांना एक. मी त्याला म्हटलं, यातली कुठली अशी होती, की पलीकडे एक माणूस तुझ्या उत्तरासाठी थांबला होता? किंवा जी त्याच क्षणी कळली नसती तर तुझं नुकसान झालं असतं? आम्ही मोजलं. थेट मेसेज १०, बँकेची ३ आणि ग्रुपमध्ये त्याला उद्देशून आलेली ४. सतरा. बाकीच्या १६५ नोटिफिकेशनना कुणी त्याची वाट बघत नव्हतं.

"पण मी ती सगळी उघडत नाही, नुसती वरून बघतो," असं तो म्हणाला. तुमच्यातलेही बरेच जण हेच म्हणतील. इथे थोडं थांबू या. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना सतत लक्ष द्यावं लागेल असं एक काम दिलं आणि ते चालू असताना त्यांच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवले. लोकांनी फोनला हातही लावला नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या. कारण फोन वाजला की मन "कोण असेल?" या प्रश्नाकडे वळतं आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच घुटमळतं. फोन खिशात थरथरला आणि तुम्ही हट्टाने बघितला नाही, तरी पुढची दोन वाक्यं तुम्ही नुसती डोळ्यांनी वाचलेली असतात. तो परिच्छेद पुन्हा वरून वाचावा लागतो. अभ्यासाला बसल्यावर एकच पान तीनदा वाचलं असं जेव्हा होईल, तेव्हा मधल्या वेळात फोन किती वेळा वाजला ते बघा.

आता यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे सगळं बंद करून टाकायचं. मीही पूर्वी मुलांना तेच सांगायचो, आणि ते टिकत नव्हतं. का टिकत नाही, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगातून चांगलं कळतं. त्यात काही लोकांना नोटिफिकेशन नेहमीसारखी मिळत होती, काहींना दिवसातून तीनदा गठ्ठ्याने, आणि काहींना अजिबात नाही. तीनदा मिळणाऱ्यांना लक्ष लागतंय, ताण कमी झालाय, दिवस आपल्या ताब्यात आहे असं जाणवलं. अजिबात न मिळणाऱ्यांची मात्र बेचैनी वाढली. काहीतरी निसटतंय अशी हुरहूर त्यांना लागून राहिली. म्हणजे फोन शांत झाला, पण मन काही शांत झालं नाही. आणि अशा वेळी माणूस काही वाजलं नसतानाही आपणहून फोन उघडून बघत बसतो.

म्हणून आम्ही १८२ नोटिफिकेशनची तीन भागांत विभागणी केली. पहिला भाग लगेच वाजणाऱ्यांचा: घरचे, चार जवळचे मित्र, कॉल, बँक. दुसरा, येऊ देत पण आवाज नको, थरथर नको आणि आयकॉनवर तो लाल आकडाही नको: वर्गाचे ग्रुप, ईमेल. तिसरा, पूर्ण बंद: गेम, बातम्या, व्हिडिओंचं ॲप, खरेदीच्या जाहिराती.

करायला हे सोपं आहे, फक्त एकदा बसून करावं लागतं. अँड्रॉइडवर नोटिफिकेशन आलं की ते बाजूला सरकवून टाकू नका, त्यावर बोट दाबून धरा. Silent चा पर्याय तिथेच येतो आणि पुढे सेटिंग्जमध्ये गेलं की त्या ॲपने आपल्या नोटिफिकेशनचे किती प्रकार केलेत ते दिसतं. २०१७ सालच्या अँड्रॉइड ८ पासून ही सोय आहे, पण माझ्या अनुभवात दहातल्या नऊ मुलांनी ती उघडलेली नसते. खरेदीच्या ॲपचंच बघा. "तुमचं पार्सल आज येतंय" हा एक प्रकार असतो आणि "आज रात्री १२ पर्यंतच" हा दुसरा. पहिला ठेवायचा, दुसरा बंद करायचा. अख्खं ॲप गप्प करायची गरज नसते. आयफोनवर २०२१ पासून Scheduled Summary आहे. त्यात निवडलेल्या ॲपची नोटिफिकेशन तुम्ही ठरवलेल्या वेळी एकत्र मिळतात. प्रयोगातला गठ्ठा तो हाच. अँड्रॉइडवर अशी सोय नसेल तर Silent केलेली नोटिफिकेशन खाली साठत राहतात, ती आपणच ठरावीक वेळी बघायची. आमच्या या मुलाने दुपारची सुट्टी, संध्याकाळी सहा आणि रात्री साडेनऊ अशा तीन वेळा ठरवल्या.

या साडेनऊचा संबंध थेट झोपेशी आहे.

त्याच्या त्या मंगळवार रात्रीचा आलेख आम्ही तासातासाने बघितला. अकरा ते बारा: ३८ मिनिटं. बारा ते एक: ५१ मिनिटं. एक ते दोन: ४० मिनिटं. मी विचारलं, "साडेअकराला पडलास, मग फोन का उघडलास?" त्याने आठवून सांगितलं. अकरा चाळीसला ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, "उद्याचं सबमिशन किती वाजता आहे?" फोन उशाशीच होता. स्क्रीन उजळली, त्याने उचलला, उत्तर वाचलं. एवढ्याला अर्धं मिनिट लागलं असेल. पण हातात फोन आला होता, अंगठा सवयीने शेजारच्या ॲपवर गेला, आणि मग पावणेदोन.

त्या रात्रीचा व्हिडिओंचा वेळ पकडून मुलाला दोष देणं सोपं आहे. मला ते बरोबर वाटत नाही. पुस्तकाचं प्रकरण संपतं, मालिकेचा भाग संपतो. सरकत्या व्हिडिओंना शेवट नसतो, आणि पुढचा चांगला असेल की टुकार, हे माहीत नसल्यामुळेच हात थांबत नाही. रात्री बाराला, दिवसभराने थकलेल्या डोक्याने तिथून स्वतःला उठवून आणणं कठीणच. आत शिरल्यावर थांबायची लढाई बहुतेक वेळा आपण हरतो. म्हणून अकरा चाळीसला दारच उघडू नये, अशी व्यवस्था संध्याकाळी, डोकं ताजं असताना करून ठेवायची.

पण तुम्ही म्हणाल, फोन बाजूला ठेवला तरी अकराला झोप येतच नाही. तेही खरं आहे, आणि त्याचं कारण एकटा फोन नाही. झोप येण्यासाठी शरीरात दोन गोष्टी जुळाव्या लागतात. एक म्हणजे झोपेचा साठणारा भार. जागे राहिलो की मेंदूत ॲडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि डोळे जड होत जातात. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटासा पुंजका असतो, तो दिवस-रात्रीचा ताल धरून ठेवतो आणि डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून आपली वेळ जुळवून घेतो. हे घड्याळ नेहमीच्या झोपेच्या आधीचे दोन-तीन तास उलट आपल्याला जास्तीत जास्त जागं ठेवतं. म्हणजे रोज पावणेदोनला झोपणाऱ्याच्या शरीराला साडेअकरा ही तरतरीची वेळ वाटते. तेव्हा तो अंथरुणावर पडला तर तळमळणारच, आणि तळमळायचा कंटाळा आला की फोन घेणार. त्याला वाटत होतं की झोप येत नाही म्हणून फोन घेतो. मला वाटत होतं की फोनमुळे झोप येत नाही. दोन्ही बरोबर होतं.

यात वयाचाही भाग आहे. किशोरवयात हे घड्याळ पुढे सरकत जातं आणि विशीच्या आसपास ते सगळ्यात उशिरा असतं; त्यानंतर पुन्हा हळूहळू मागे येतं. त्यामुळे "आमच्यासारखं दहाला झोपा" हे मोठ्यांचं सांगणं तुमच्या शरीराला पटत नाही, यात तुमचा आळस नाही. मीही तुम्हाला दहाला झोपा असं म्हणणार नाही. १८ ते २५ वयात साधारण सात ते नऊ तास झोप लागते. सातला उठायचं असेल तर बाराच्या आत डोळा लागला पाहिजे, एवढंच गणित आहे.

मग रोज पाच तास झोपणारं शरीर उरलेली झोप कुठून आणतं? रविवारी. हा मुलगा इतर दिवशी पावणेदोन ते सात झोपायचा, म्हणजे झोपेचा मध्य साधारण पहाटे चार वाजून बावीस मिनिटांनी. शनिवारी रात्री अडीचला झोपून रविवारी अकराला उठायचा. तेव्हा मध्य पावणेसातला. दोन्हींत जवळजवळ अडीच तासांचा फरक. शास्त्रज्ञ याला सोशल जेटलॅग म्हणतात: विमानात न बसताच दर शनिवारी अडीच तास पश्चिमेला जायचं आणि सोमवारी सकाळी परत यायचं. सोमवारची पहिली दोन लेक्चरं डोक्यावरून का जातात, याचं उत्तर बऱ्याच जणांच्या बाबतीत इथे असतं. तुमचा स्वतःचा फरक काढून बघा. रात्री फोन शेवटचा केव्हा हातात होता आणि सकाळी पहिल्यांदा केव्हा घेतला, एवढ्यावरून अंदाज येतो.

निळ्या उजेडाबद्दल तुम्ही ऐकलं असेलच. तो प्रश्न खोटा नाही, पण त्याला नको एवढं महत्त्व मिळालंय. रात्रीचा उजेड, विशेषतः निळसर, घड्याळाला "अजून दिवस आहे" असं सांगतो आणि झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं. एका नावाजलेल्या प्रयोगात १२ जणांनी झोपण्याआधी चार-चार तास उजळ स्क्रीनवर वाचलं. छापील पुस्तक वाचलेल्या रात्रींपेक्षा त्यांना झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली. चार तास, पूर्ण उजेड, आणि फरक दहा मिनिटांचा. आमच्या मुलाचे दोन तास त्या उजेडाने खाल्ले नव्हते. २०२१ मध्ये १८ ते २४ वयाच्या तरुणांवर झालेल्या एका अभ्यासात आयफोनचं Night Shift चालू ठेवणाऱ्यांची झोप ते बंद ठेवणाऱ्यांपेक्षा काही सुधारलेली दिसली नाही. म्हणून स्क्रीन पिवळी केली, आता दीडपर्यंत बघायला हरकत नाही, असा हिशेब करू नका. पिवळ्या स्क्रीनवरही घड्याळाचे काटे तेवढ्याच वेगाने पुढे जातात.

आम्ही शेवटी काय ठरवलं ते सांगतो. सुरुवात रात्रीपासून केली नाही, सकाळपासून केली. उठायची वेळ सात, रविवारी जास्तीत जास्त आठ. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या उजेडात. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि सकाळचा उजेड घड्याळ मागे ओढतो. झोपायची वेळ एकदम बारावर आणली नाही. पावणेदोनवरून दीड, तीन दिवसांनी सव्वा, असं पंधरा-पंधरा मिनिटांनी आणली. फोनचा चार्जर पलंगापासून पाच पावलांवर, टेबलाजवळ लावला. गजर त्याच फोनवर, पण तो बंद करायला उठावं लागणार. रात्री साडेदहापासून Do Not Disturb आपोआप सुरू, त्यात आई-बाबांच्या कॉलला मुभा, आणि कुणी लागोपाठ दुसऱ्यांदा फोन केला तर वाजू देण्याचा पर्यायही चालू. ही शेवटची मुभा मी आवर्जून ठेवायला लावतो. "घरी काही झालं तर?" ही धास्ती खरी असते, आणि तिच्यामुळेच पुष्कळ मुलं फोन उशाशी ठेवतात. आणि पहिल्या रात्रीच्या आधी दिवसा एकदा दोन मिनिटांनंतरचा गजर लावून तो या मोडमध्ये वाजतो की नाही, ते तपासून बघा.

पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर पडून राहायचं नाही. उठायचं, मंद दिव्यात खुर्चीत बसून कागदावरचं काहीतरी वाचायचं आणि डोळे जड झाले की परत पलंगावर. पलंग म्हणजे झोप, एवढंच शरीराला पुन्हा शिकवायचं असतं.

पहिला आठवडा त्याला जड गेला. त्यातच ठरलेलं त्याने एकदा मोडलंही: चौथ्या दिवशी दुपारी साडेचारला "थोडा पडतो" म्हणून पडला तो सातला उठला, आणि रात्री पुन्हा टक्क जागा. साहजिक आहे, दिवसभर साठलेला झोपेचा भार त्याने संध्याकाळीच उतरवून टाकला होता. पेंग अनावर झालीच तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं, गजर लावून. संध्याकाळचा कडक चहा-कॉफीही याच कारणासाठी बाद, कारण पाचेक तासांनीही कॅफिनचा निम्मा अंश शरीरात उरलेला असतो. दुसरी अडचण वेगळीच निघाली. ग्रुप गप्प केल्यामुळे एका प्रॅक्टिकलची बदललेली वेळ त्याला कळली नाही. तेव्हा त्याने वर्गप्रतिनिधीला सांगून ठेवलं की वेळ बदलली तर मला थेट मेसेज कर. ते त्याआधीच करायला हवं होतं, आणि ते मला सुचलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा आकडे बघितले. नोटिफिकेशन ४१. फोन रात्री शेवटचा उघडला तो बहुतेक दिवस अकरा पन्नासच्या सुमारास. रविवारी उठायची वेळ साडेआठ. आठ काही जमलं नाही. दिवसाचा एकूण स्क्रीन टाइम जेमतेम पाऊण तासाने कमी झाला होता, कारण संध्याकाळी तो अजूनही तेच व्हिडिओ बघतो. त्याबद्दल मी काही बोललो नाही. झोप साडेसहा-सात तासांवर आली होती आणि आठच्या लेक्चरला तो जागा होता.

या सगळ्याचा उपयोग होत नाही असेही काही जण असतात, ते ओळखता आलं पाहिजे. फोन लांब आहे, उठायची वेळ ठरलेली आहे, तरी आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नाही आणि असं तीन महिने चाललंय, तर तो फोनचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांकडे जा, निद्रानाशावर गोळ्यांशिवायचे चांगले उपचार आहेत. सात-आठ तास झोपूनही दिवसभर झापड येते आणि खोलीतले मित्र म्हणतात की मोठ्याने घोरतोस, मधेच श्वास अडकल्यासारखा वाटतो, तरीही जा. आणि दिवे मालवल्यावर मनात जे येतं ते नको असतं, म्हणून कुणी फोन धरून बसत असेल, तर त्याचा फोन काढून घेऊ नका. आधी त्याच्याजवळ बसा, नाहीतर माझ्याकडे घेऊन या.